सोळा मात्रांचे दातारकाका

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये लॉकडाऊनच्या सुरुवातीला एक कागद चिकटला. इंग्रजी सरकारी सूचनेच्या खाली, निळ्या स्केचपेननं लिहिलेला:

अंतर ठेवा, मास्कहि लावा.

परदेशातल्या, वेस्टमीडच्या त्या बिल्डिंगमध्ये मराठी वाचणारे दोघंच. एक मी आणि दुसरे तो कागद लावणारे दातारकाका. म्हणजे सूचना माझ्या एकट्यासाठी होती. मी विचारलं, "काका, मला इंग्रजी समजतं की."

"समजतं, पण डोक्यात राहत नाही. हे राहील. आठ आणि आठ सोळा मात्रा. मोजून बघ."

मी मोजल्या नाहीत. काकांनी मात्र आयुष्यभर तेवढंच केलं. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन, आणि मागून जोडाक्षर आलं तर आधीचं ऱ्हस्वसुद्धा दोनच्या भावानं. समोरचा बोलत असताना त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायचा. आपण काय बोललो याच्याशी त्यांना फारसं कर्तव्य नसे. एकदा घाईत मी म्हणालो, "काका, मी शिफ्टला चाललोय."

"सतरा," काका म्हणाले. "एक सांडली. 'चाललोय'मधला 'य' सोड, सोळात बसतं."

"सांडली" हा त्यांचा परवलीचा शब्द. बातम्यांत मंत्री बोलायला लागले की काका टीव्हीसमोर बसून "सांडली, सांडली, अरे किती सांडतोस" असं म्हणत. नोकरी रेल्वेत, सिग्नलच्या खात्यात झालेली, आधी मायदेशी आणि मग इकडे. रुळावर डबे आणि ओळीत मात्रा, दोन्हीकडे जास्तीचं काही राहता कामा नये, असा त्यांचा हिशेब. फावल्या वेळात भाषांतरं करत. इंग्रजी गाणं ऐकलं की त्याच चालीवर मराठी बसवायचं, आणि बसलं की मला लिफ्टपाशी गाठून म्हणून दाखवायचं.

मला ते नको असायचं. हे आज सांगून टाकतो. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला. दिवसभर स्वॅबच्या नळ्या हाताळून घरी यायचो, तेव्हा कुणाचंही काहीही ऐकायची ताकद उरलेली नसे. शिवाय माझा स्वभाव असा की लिफ्टमध्ये दुसरा शिंकला तरी सॉरी मी म्हणतो. 'नको' म्हणता येत नाही, म्हणून 'छान' म्हणतो. त्यात एकटं राहणाऱ्यांनी एका माणसाला घरी येण्यासाठी निवडावं, असा नियम आला. त्याला बबल म्हणत. काकांनी मला न विचारताच निवडलं.

"मी तुझा बुडबुडा, अभय. चहा टाकतो, ये."

काकूंना जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी केतकी दुसऱ्या राज्यात, टूवूंबाला, हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. तिनं तिथल्याच एका मेंढपाळाच्या मुलाशी लग्न केलं, तेव्हा काकांना सर्दी झाली होती. म्हणजे तसं त्यांनी कळवलं. लग्नाला गेले नाहीत. तेव्हापासून बापलेकीचं फोनवर बोलणं व्हायचं ते हवामानावर. "तुमच्याकडे थंडी आहे का?" "आहे." "आमच्याकडेही आहे." एवढ्या बोलण्यातही काका मात्रा मोजत असावेत.

मग केतकीला मुलगी झाली आणि नेमकी राज्याची सीमा बंद. काकांना नात दिसायची ती फोनच्या पडद्यावर, बहुतेक वेळा तिचा एक कान. आणि एक दिवस केतकीनं काहीतरी मागितलं. कैक वर्षांत पहिल्यांदा.

तिची सासू जोन बाळाला एक अंगाई म्हणायची. जोनच्या आईनं रचलेली, त्यांच्या शेतावरची. बाळ त्या चालीशिवाय झोपेना. केतकी म्हणाली, "बाबा, हे मराठीत करून द्याल? सेम ट्यूनवर. मी ट्राय केलं, मला शब्दच आठवत नाहीयेत."

काकांनी रेकॉर्डिंग मला पाठवलं, वर फोन: "ऐक आणि सांग."

पुढे चार दिवस त्यांनी मला लिफ्टपाशी, जिन्यात, कचऱ्याच्या डब्यांपाशी पकडलं. गाण्याचा अर्थ साधा होता. वारा झोपला, कुत्रा झोपला, मेंढ्या पवनचक्कीखालच्या पाण्यापाशी आल्या. आणि मग 'लीव्ह द गेट, लव्ह, लीव्ह द गेट', कारण कुणीतरी अजून घरी यायचं आहे.

"आधी हे 'लव्ह' घे," काका म्हणाले. "ही बाई मलासुद्धा लव्ह म्हणते! व्हिडिओवर! 'हाऊ आर यू, लव्ह?' मी काय उत्तर देणार?"

"इथे सगळ्यांनाच तसं म्हणतात, काका."

"तेच तर. मराठीत प्रेम असं उघड्यावर नाही टाकत. आपलं प्रेम 'गं'मध्ये असतं. 'अगं', 'ये गं', 'जा गं'. पण 'गं'च्या दोन मात्रा, आणि जागा नाही. काढला."

अर्थ तंतोतंत ठेवून केलेली पहिली आवृत्ती त्यांनी स्वतःच वाचली आणि स्वतःच फाडली. "'अद्याप न परतलेल्यांसाठी फाटक आहे त्या स्थितीत ठेवावे.' मूल झोपणार नाही, दंड भरायला जाईल."

दुसरी अडचण चालीची. चाल बदलता येत नाही, बाळ तिला ओळखतं. जोन जिथं आवाजाचा जोर देते, तिथं मराठी दीर्घ अक्षर यायला हवं. नाहीतर ऱ्हस्व अक्षर ओढलं जातं आणि 'निजला'चा 'नीऽऽजला' होतो. 'गेट'वर ती सूर लांबवते, तिथं तोंड उघडं राहील असा स्वर हवा. "'फाटक' तिथं चालत नाही, 'क'वर गळा दाबला जातो. 'दार' घेतलं. 'दा'वर कितीही वेळ थांब."

"मग झालं की."

"कुठलं झालं? अर्थ, यमक आणि वजन. स्कूटर एक, बसणारे तीन. वजन तर उतरत नाही, तेच चालवतंय. मागे कोण बसणार? अर्थ की यमक? तू रेकॉर्डिंग ऐकलंयस. सांग."

मी ऐकलं नव्हतं. हातात दुधाची बाटली होती, पाय दुखत होते, लिफ्टचं दार उघडं होतं. "ऐकलं, काका. छान आहे. यमक ठेवा. लहान मुलांना यमक लागतं."

काकांनी मान डोलावली. माझ्या मताला एवढी किंमत कुणी दिल्याचं मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी केतकीला पाठवलेलं गाणं असं होतं:

वारा निजला, कुत्रा निजला,
मेंढ्या आल्या, चंद्रहि आला,
दार लाविले, उजेड गेला,
नीज सोनुले, दिवस बुडाला.

"चंद्र मूळ गाण्यात आहे?" मी विचारलं.

"नाही. त्याला यमकानं बोलावलं." काका जरा ओशाळले. "आणि ही सगळी क्रियापदांची यमकं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून ती फुकट मिळतात. मी त्यांना सरकारी यमकं म्हणतो. पण तू म्हणालास..."

संध्याकाळी मी चहाला गेलो तर चहा नव्हता. काका फोनकडे बघत बसले होते. त्यांनी तो माझ्यापुढे धरला. केतकीचा मेसेज होता: 'थँक्स बाबा. चाल बसते छान. पण तुम्ही दार का लावलंत? जोनच्या गाण्यात ते उघडं आहे.'

पुढे काही नाही. थंडीसुद्धा नाही.

"'आहे त्या स्थितीत' म्हणजे मी बंदच धरलं," काका म्हणाले. "मेंढ्या आत आल्या की गेट बंद. अरे, मी उभा जन्म गेट बंद करण्यात घालवला! रेल्वेत उघडं गेट म्हणजे अपघात. त्यात यमक मिळालं, मग कोण मागे वळून बघतो?" अंगठा पेरांवर थांबलेला होता. "मी दार लावलं, असंच ती वाचणार ना. तिच्या जागी मी असतो तर मीही तसंच वाचलं असतं."

मग मात्र मला राहवलं नाही. "काका, मी ते रेकॉर्डिंग ऐकलंच नव्हतं. घाईत होतो, सुटायला म्हणून यमक म्हणालो. चूक माझी आहे."

"ते मला माहीत होतं."

"कसं?"

"शेवटी कुत्रा भुंकतो. खरोखरचा, रेकॉर्डिंगमध्ये. ज्यानं ऐकलंय तो पहिल्यांदा कुत्र्याचं विचारतो. तू नाही विचारलंस. तरी मी तुझं ऐकलं, कारण मला यमकच हवं होतं. आता बस, आणि ऐक."

आम्ही दोघांनी ते ऐकलं. जोनचा आवाज जाडाभरडा, कामाच्या बाईचा. कुत्रा खरोखरच भुंकला. मग काकांनी जे कधी केलं नव्हतं ते केलं: थेट जोनलाच फोन लावला. ती म्हणाली, शेतावरचं फाटक जसं सापडेल तसं सोडायचं, उघडं असेल तर उघडं. तिचे वडील कळपामागून सगळ्यात शेवटी यायचे, म्हणून तिची आई ते मुद्दाम उघडं ठेवायची. "नो वरीज, लव्ह," असं म्हणून तिनं फोन ठेवला. काकांनी या वेळी तक्रार केली नाही.

काकांनी फोन टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "ही पण दिवेलागणीला दार लावू द्यायची नाही. मी म्हणायचो, डास येतात." 'ही' म्हणजे काकू.

पुढचा रविवार. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मला खुर्ची कॅमेऱ्याच्या बाहेर दिली होती. पडद्यावर केतकी, तिच्या मांडीवर बाळाचा नेहमीचा कान, मागे जोन.

"बाबा, परत लिहिलंत?"

"यमक काढलं. 'पाशी' आणि 'अजुनी', शेवटी नुसती ई उरते. गरिबाला तेवढी पुरे. वजन जसंच्या तसं आहे, प्रत्येक ओळ सोळा. मोजून घे."

"नाही मोजत, बाबा. म्हणा तुम्ही."

कागदावरच्या ओळी मी आधी पाहिल्या होत्या:

वारा निजला, कुत्रा निजला,
मेंढ्या आल्या पाण्यापाशी,
दार असू दे उघडे थोडे,
कुणी यायचे आहे अजुनी.

काका गायला लागले. आवाज बेताचाच, पण स्वर लागला. वारा निजला. मेंढ्या आल्या. तिसऱ्या ओळीत 'दा'वर ते थांबले, जोन थांबते तसेच, जरा जास्तच. मग म्हणाले:

"दार असू दे गं, उघडे थोडे..."

कागदावर 'गं' नव्हता. चाल क्षणभर अडखळली, त्यांनी ती सावरली आणि शेवटची ओळ पुरी केली. बाळ झोपलं की नाही, ते कानावरून कळत नव्हतं. केतकी खाली बघत होती. मग म्हणाली, "बॉर्डर उघडली की लगेच निघा हं बाबा. हवामानाचं नंतर बघू."

माझा अंगठा आपोआप पेरांवर गेला होता. अठरा. दोन सांडल्या होत्या. मी काकांकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात मांडीवर स्वस्थ होते.