नजरेचं माप

ग्रंथपालबाई सोडून गेल्या त्याला सतरा दिवस झाले, तेव्हा मास्तरांनी एक लहानसा निर्णय घेतला: नव्या चपला घ्यायच्या. (जुन्या धडधाकट होत्या. पण संध्याकाळी माणसाला कुठेतरी जायला तर हवं!)

मास्तर म्हणजे लेडीज टेलर. चार वर्षांचं प्रेम बाईंनी एका शनिवारी "आपलं जमत नाही" एवढ्यावर आटोपलं होतं. तेव्हापासून सातला शटर ओढलं की पुढे काय करायचं, हे मास्तरांना कळेना. सातला येणारा फोन येत नव्हता, घास घशाखाली उतरत नव्हता, आणि एका ब्लाउजच्या बाहीला त्यांनी कॉलर लावून ठेवली होती. आपण आता कुणी ठेवून घ्यावं असे उरलोच नाही, ही धास्ती त्यांना सगळ्यात जास्त छळत होती.

चपलांच्या दुकानातली सेल्सगर्ल त्यांचं पाऊल हातात धरून म्हणाली, "पाय छान आहेत हो तुमचे!"

चार वर्षांत मास्तरांच्या एकाही अवयवाला कुणी छान म्हटलं नव्हतं. त्या आठवड्यात त्यांनी तीन जोड घेतले. दुसऱ्या आठवड्यात दोघं बागेतल्या बाकावर बसू लागली, तिसऱ्यात मास्तरांनी दोघांचा फोटो स्टेटसला टाकला आणि दर दहा मिनिटांनी तो कुणी कुणी बघितला ते तपासू लागले.

"एकीने बघावं म्हणून दुसरीला शेजारी उभं केलंस होय रे?" ताईने विचारलं. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण; ती त्यांच्याच दुकानात काजबटणं करते आणि बोलताना सुई हातात ठेवते.

"तसं काही नाहीये. माझं ते सगळं संपलंय."

"एका महिन्यात? तुला साडीला साधं फॉल-पिको करून द्यायला दोन महिने लागतात." मग ताईने त्यांच्याकडे नीट बघितलं. "पण जेवायला लागलायस, हे मात्र खरं."

ते खरंच होतं. मास्तरांना झोप लागत होती, ते शीळ घालत होते, केस विंचरत होते. त्या भरात त्यांनी सेल्सगर्लच्या वाढदिवसाला कोट शिवायला घेतला. टेप लावली नाही. "आपल्या माणसाचं माप नजरेत असतं," असं ते ताईला ऐटीत म्हणाले.

वाढदिवशी मास्तरांच्या दुकानातल्या आरशासमोर ती कोटात शिरली आणि जवळजवळ दिसेनाशी झाली. बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या.

"हा कुणाचा?"

"तुझाच!"

"माझे हात गुडघ्यापर्यंत आहेत का? आणि हा निळा कशाला? निळा मला आवडत नाही, दोनदा सांगितलंय."

"अगं, पण निळा तर तुझा..." एवढं बोलून मास्तरांनी जीभ चावली. निळा कुणाचा आवडता होता, उंच कोण होतं, हे दोघांनाही एकदमच कळलं. आता हीसुद्धा जाणार, या भीतीने ते घाईघाईने तिच्या बाह्या दुमडू लागले.

ती मात्र चिडली नाही. तिने पिशवीतून एक खोका काढला. "मीपण तुझ्यासाठी बूट आणलेत. घालून बघ."

मास्तरांनी पाय घातला. पाय आत फिरू लागला. बूट नऊ नंबरचे होते. मास्तरांचा नंबर सात, आणि तो तिने स्वतः तीनदा मोजला होता!

"त्याचा नऊ होता," ती हळूच म्हणाली. "त्याला जाऊन दोन महिने झाले."

आधी दोघं पोट धरून हसली. हसता हसता ती रडायला लागली, मग मास्तरही.

"म्हणजे आपलं सगळं खोटंच होतं?" त्यांनी नाक पुसत विचारलं.

"खोटं कशाला? तू होतास म्हणून मी भिंतीकडे बघत बसले नाही. मी कुणालातरी आवडू शकते, हे कळलं. पण त्याची आठवण फक्त सात ते नऊ बंद असायची. तू घरी गेलास की परत हजर. ते रडणं माझं मलाच उरकायला हवं."

"आणि मग?"

"मग वाटलंच, तर टेप घेऊन ये." तिने कोट काढून ठेवला आणि ती गेली. मास्तरांना फार वाईट वाटलं, आणि पहिल्यांदाच ते ग्रंथपालबाईंसाठी मनसोक्त रडले.

पुढच्या आठवड्यात ग्रंथपालबाई दुकानाची जादा किल्ली परत द्यायला आल्या. मास्तरांनी धीर करून कोट पुढे केला. निदान हिला तरी बसेल!

"खांद्यात ढगळ, कमरेत घट्ट," बाई आरशात बघत म्हणाल्या. "कुणाचं माप आहे हे?"

त्या गेल्यावर ताईने तो कोट दारातल्या प्लास्टिकच्या पुतळीला चढवला. टाक्याटाक्याला चपखल बसला.

"चार वर्षं हिच्याकडेच बघत होतास की काय?" ताई म्हणाली. "ठेव हिलाच. ही काही सोडून जायची नाही."

मास्तरांना ते फार लागलं. आता यापुढे प्रत्येक माणूस नीट मोजूनच, असा त्यांनी तिथल्या तिथे निश्चय केला आणि टेप शोधायला लागले. खण उपसले, मशीनखाली वाकले, ताईलाही उठवलं.

"गळ्यात आहे," ताई म्हणाली.