सखू गाता गाता थांबली तेव्हा

महाडच्या सभागृहात सखूनं पहिली ओळ म्हटली आणि ती गप्प झाली. अंगावर नवी शाल, समोर माईक, सगळं सभागृह तिच्याकडं बघतंय. लोकांना वाटलं, म्हातारी विसरली. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, चांगलंच बरं वाटलं.

ती विसरली नव्हती. गौरीच्या फेरात बायकांच्या दोन फळ्या असतात. एक फळी ओळ म्हणते, दुसरी तीच ओळ उचलते, मग पहिली पुढची सोडते. सखू जन्मात कधी चार लोकांपुढं एकटी गायली नाही. ओळ टाकली की ती परत यायची वाट बघते. तशीच तिथं उभी राहिली. आणि आमच्या गावात दुसऱ्या फळीच्या पुढं असते मी. मी तिसऱ्या रांगेत तोंड मिटून बसले होते.

कुडपणला सखू माझी शेजारीण. तिला साधं बोलता येत नाही. कोंबड्यांना शिव्या देते त्याही चालीवर. एकदा एसटीत पोलादपूरचं तिकीट तिनं गाऊन मागितलं. कंडक्टर म्हणाला, आजी, कडवं नंतर, आधी सुट्टे काढा. नवं गाणं जुळलं की ती पहिल्यांदा म्हशीला ऐकवते. म्हशीनं रवंथ थांबवला तर गाणं चांगलं. "माझे बाय, ती खोटं नाय बोलत," म्हणते. सखू शेतावर गेलेली बघून मीही एकदा त्या म्हशीपुढं गाऊन आले. ती चघळतच राहिली.

कुणाच्या तरी पोरानं सखूचं गाणं मोबाईलवर टाकलं आणि ते गावोगाव गेलं. मग महाडहून सत्काराचं बोलावणं आलं. टीव्हीवरच्या गायिकेचा मला कधी हेवा वाटला नाही. ती कुठली, मी कुठली. पण सखू आणि मी गावातल्या एकाच आत्याकडं गाणी शिकलो. मला तिच्यापेक्षा जास्त गाणी पाठ आहेत. माझा दम तिच्याहून मोठा. फक्त ती नवं गाणं जोडते आणि मला जोडता येत नाही. हे गावात माझ्याइतकं कुणालाच नीट कळत नाही, तिथंच तर जळतं. लोक तिला वा वा म्हणायचे तेव्हा मी "बरं झालं" म्हणायचे आणि लगेच पावसापाण्याचं काढायचे. शाल मला नको होती. तिलाही मिळू नये, एवढंच वाटायचं.

गावच्या मंडळानं मला तिच्यावर लिहायला सांगितलं. पहिल्यांदा सगळं गोड लिहिलं. वाचून बघितलं तर त्यात सखू नव्हतीच, कुठल्याही बाईला चाललं असतं. दुसऱ्यांदा तिची उणीदुणी काढली. त्यात सगळीकडं मीच दिसत होते. मग ठरवलं, हेवा आधीच लिहून मोकळं व्हायचं, म्हणजे तो सारखा मधे डोकावणार नाही.

तर सखू उभी होती. मागं कुणीतरी हसलं. सूत्रसंचालक माईक घ्यायला पुढं सरकला. मला तिची दया आली असं नाही. पण ओळ चांगली होती, नवी होती, आमच्या सावित्री नदीची: "सावित्री पुसते डोंगराला, माझं माहेर कुठं गो." अशी ओळ टाकलेली, आणि कुणी उचलत नाही, हे मला बघवेना. मी बसल्या जागेवरून उचलली. मोठ्यानं उचलली.

सखूनं तोंडाचं बोळकं पसरलं आणि पुढची सोडली: "वाहशील तिथं सांगत जा, पाणी माझं होतं गो." या खेपेला माझ्याबरोबर मागच्या रांगेतल्या बिरवाडी गावच्या बायकांनीही उचलली. मग खुर्च्या सरकल्या, पदर खोचले गेले आणि भर सभागृहात फेर धरला गेला. पाहुणे नारळ हातात घेऊन भिंतीला चिकटले. सखूनं मला हाताला धरून स्टेजवर ओढलं. एवढं मी कधीच गायले नव्हते.

परतीच्या जीपमध्ये मी तिला सांगून टाकलं, की तू का थांबलीस ते मला कळलं होतं, तरी मी मुद्दाम गप्प बसले.

"माहीत हाय गो," ती म्हणाली. "तू जळतेस म्हणून तरी नीट ऐकतेस. बाकीची नुसती छान छान म्हणतात."

मग घाट चढताना साध्या आवाजात, चाल न लावता, म्हणाली, "पोरं मुंबयला गेल्यापासून चुलीपुढं एकटीच म्हणते. एक ओळ टाकते नि थांबते. उचलायला कोन नाय."

मी म्हटलं, "मग मोठ्यानं टाक. मी काय बहिरी हाय?"

आता रोज सकाळी टाकते. मी माझ्या पडवीतून उचलते. हेवा अजून आहे. परवाची ओळ इतकी चांगली होती की माझी भाकरी करपली.

महाडला गाता गाता थांबली ती सखू. तोंड मिटून बसली होती ती मी, तिची शेजारीण चंद्रा.