खमंग, खवट आणि रसूलभाई

रसूलभाईंच्या कांडपात कुणी "छान वास सुटलाय" असं म्हणालं, की ते चालू मशीन बंद करतात. मग त्या माणसाकडं वळून विचारतात, "छान म्हंजे? सुनेला छान म्हणा, पोरीच्या मार्कांना छान म्हणा. वासाला त्याचं नाव हाय की!" नाव घेतल्याशिवाय मशीन परत सुरू होत नाही. मागं बायकांची रांग लागलेली असते, त्या वैतागतात. रसूलभाई ढिम्म.

कांडप म्हणजे मिरची-मसाला कुटायचं दुकान. माझ्या घराला लागूनच आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात अर्धी पेठ तिथं शिंकत उभी असते. मसाल्याचं सामान भाजायचं कामही रसूलभाईच करतात, मोठ्या कढईत, स्वतःच्या हातानं.

मी चौथीतून शाळा सोडली आणि चाळीस वर्षं मागावर काढली. मला कुणी बोलायला शिकवलेलं खपत नाही. पण रसूलभाई माझ्यापेक्षाही कमी शिकलेले, आणि सगळ्या पेठेला शिकवतात.

"नुसती मिरची जहाल असती, तात्या," ते मला म्हणायचे. "तिला मीठ-लसूण घालून ठेचली की मग झणझणीत. ताक आंबट असावं, पण वरणाला आंबूस वास आला की वतून टाकावं. चिंच आंबटढाण, सुपारी तुरट. आन सगळ्याला तुमी आपलं एकच लावता, कसंतरी लागतंय म्हून."

वासांच्या बाबतीत तर विचारू नका. चाफ्याचा दरवळ, मसाल्याचा घमघमाट, अत्तर जास्त ओतलं की दर्प. आणि कोपऱ्यावरचा रिक्षावाला संध्याकाळी बोलायला लागला की येतो तो भपकारा. हे मला पाठ झालं, पण मी त्यांच्यासमोर कधी कबूल केलं नाही.

सगळ्यात जास्त छळ भाजताना. ते कढईत उलथनं फिरवत असायचे आणि मला हाक मारायचे. "तात्या, धन्याचा वास कसला आला?"

मी म्हणायचो, "चांगला."

"चांगला हा सोभाव झाला. कच्चट हाय का खमंग?"

पूर्वी हे काम जैतूनभाभी करायच्या. कढईजवळ पाटावर बसून, डोळे मिटून, त्या एकेक शब्द टाकायच्या. "कच्चट... कच्चट... खमंग. बस." खोबऱ्याला मात्र त्या आणखी थांबायच्या. "खमंग... खरपूस. उतरवा. आता करपट होईल." मला वाटायचं, बाई नवऱ्यावर हुकूम चालवतीय. गेल्या हिवाळ्यात भाभी गेल्या, आणि पाटावर बसायची पाळी माझ्यावर आली. रसूलभाई मलाच का राबवून घेतात, हे मला कळत नव्हतं. शेजारधर्म म्हणून जायचो.

यंदा रमजानच्या महिन्यात आमचं वाजलं. मी चटणीसाठी शेंगदाणे घेऊन गेलो होतो. म्हणालो, "बघा हो, खराब झालेत वाटतं."

"खराब रस्ता असतो," रसूलभाई आठ-दहा बायकांसमोर म्हणाले. "दाण्यातलं तेल बिघडलं तर खवट. पोत्याला वल लागली तर कुबट. कुबट असलं तर उनात टाका, जातंय. खवट गेलं न्हाय कधी. आता नीट हुंगून सांगा, दोन्हीतलं कुठलं?"

एक बाई फिसकन हसली. "तात्याला परीक्षेला बसवलं बगा!"

दाणे उचलून मी घरी आलो. चार दिवस त्या बाजूला फिरकलो नाही. पाचव्या दिवशी ते स्वतः दारात आले. वळसंगचा एक शेतकरी पोरीच्या लग्नाचा काळा मसाला करायला आला होता. धने कढईत पडले होते.

"तात्या, मला रोजा हाय. चाखून बगता येत न्हाय. चला की जरा."

गेलो, पण फुगून. त्यांनी विचारलं, "खमंग?" मी मान वळवूनच म्हणालो, "कच्चट." जरा वेळानं परत विचारलं. मी परत म्हणालो, "कच्चट." धूर डोळ्यात जायला लागला होता, तरी बोललो नाही. म्हटलं, म्हातारा पेठेला वास शिकवतो, त्याला स्वतःला नाक आहे की! बघेल त्याचं तो.

दुसऱ्या दिवशी शेतकरी डबा घेऊन परत आला. "भाई, मसाला कडूजहर लागतोय. करपलाय."

रसूलभाईंनी एक शब्द वाद घातला नाही. सगळं सामान स्वतःच्या खर्चानं आणून नव्यानं भाजून दिलं. पलीकडच्या घरच्या सुनेला हात जोडून वासासाठी उभं केलं. शेतकरी गेल्यावर मी विचारलं, "इतका धूर झाला, तुमाला वास आला न्हाय व्हय?"

ते उलथनं पुसत राहिले. मग म्हणाले, "मागं तापाची साथ आली तवा नाक गेलं. परत आलंच न्हाय. जिभेला आंबट, खारट, कडू कळतंय. तिखट झोंबतंय. पण खमंग जिभेला कळत न्हाय, तात्या. ते नाकाचं काम. जैतून सांगायची, मी उलथनं मारायचो. गिऱ्हाइकाला कळलं तर कोण येईल इथं?"

म्हणजे "छान" या शब्दावर हा माणूस चिडायचा, तो एवढ्यासाठी. छानवर कढई उतरवता येत नाही.

मी म्हणालो, "काल मी मुद्दाम कच्चट बोललो. करपट वास येत हुता."

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "तुमचा आवाज फुगलेला हुता, ते मागनं ध्यानात आलं." मग म्हणाले, "सांजच्याला या. एक काम हाय."

मगरिबची अजान होऊन रोजा सुटायच्या वेळेला गेलो. खजूर खाऊन त्यांनी फळीवरची चिनी मातीची बरणी काढली. भाभींनी शेवटचा केलेला काळा मसाला. त्या गेल्यापासून कुणाला हात लावू दिला नव्हता.

"खोबरं हाय यात. किती दिवस टिकंल?" त्यांनी झाकण काढून बरणी माझ्या नाकाजवळ धरली. "खरं सांगा. नाव घेऊन सांगा."

मी हुंगलं. परत हुंगलं. खोटं बोलायची फार इच्छा झाली.

"कडंनं खवट व्हायला लागलंय," मी म्हणालो. "मधी अजून खमंग हाय."

त्यांनी बरणी खाली ठेवली. मग चमचा घेऊन मधला मसाला तेवढा काढला आणि दाण्याच्या कुटाची, आमच्याकडची शेंगाची आमटी टाकली. दोन ताटं केली, कडक भाकरी मोडली. पहिला घोट घेऊन म्हणाले, "मीठ बरोबर. तिखट बरोबर. चिंच जरा जास्त पडली. आता म्होरलं तुमी बोला."

मी डोळे मिटले. "आधी खोबरं येतंय, खरपूस. त्याच्या मागनं धने, खमंग. मग दगडफूल, जरा धुरकट."

"आन लवंग?"

"हाय. पण उग्र न्हाय. बेतानं पडलीय."

"बेतानंच टाकायची ती," ते म्हणाले.

मी डोळे उघडले. त्यांची भाकरी तशीच होती. ते माझ्या तोंडाकडं बघत होते.

"सावकाश खावा, तात्या," रसूलभाई म्हणाले. "पातेल्यात अजून दोन वाट्या हाय."