कांबळेकाकांना कुणी देखणं म्हणू नये

कांबळेकाकांना कुणी "आज छान दिसताय" म्हटलं, की ते आधी मागे वळून बघायचे. मागे कुणी नसलं, तर बोलणाऱ्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळून विचारायचे, "काम काय हाय ते बोल."

यात थोडा दोष त्यांच्या टेबलाचा होता. लातूर नुकताच उस्मानाबादपासून वेगळा जिल्हा झाला होता. कचेऱ्या नव्या, पाट्या नव्या, आणि दुष्काळ मात्र जुन्या मुक्कामी असल्यासारखा बसलेला. कोणत्या गावाला पाण्याचा टँकर कधी जायचा, याचे कागद काकांच्या टेबलावरून पुढे सरकत. त्यामुळे जिल्ह्यातल्या निम्म्या सरपंचांना काकांचा सदरा आवडायचा. कुणाला त्यांची उंची आवडायची, कुणाला भांग. "तारीफ म्हंजे टँकरची पहिली खेप," काका म्हणायचे. एका सरपंचाने निळा शर्ट खुलून दिसतो म्हटलं, तर काका दुसऱ्या दिवशी कॉलर विरलेला शर्ट घालून गेले आणि दिवसभर समाधानाने काम केलं.

अडचण अशी, की काका खरोखरच देखणे होते. काळासावळा रंग, सरळ नाक, कानांवर पांढरे होऊ लागलेले केस. चाळिशी ओलांडलेला, लग्न न केलेला माणूस. सकाळी इस्त्रीचे कपडे घालून निघायचा, तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका नळावरच्या रांगेतही क्षणभर भांडायच्या थांबत. आमची खोली त्यांच्या भिंतीला भिंत लावून. माझ्या वडिलांनी छापलेली चळवळीची पत्रकं वाचतच मी मोठी झाले. म्हणून माणसाच्या रूपावर बोलणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असं माझंही मत होतं. काकांचं आणि माझं या बाबतीत चांगलं जमायचं.

त्या उन्हाळ्यात माझी रत्नामावशी इस्लापूरहून आली. ती तिथल्या शाळेत शिक्षिका. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. बोलणं मोजकं, पण जे डोळ्यांना दिसलं ते सरळ सांगण्याची सवय. संध्याकाळी काका कचेरीतून आले आणि ओट्यावर चहाला टेकले. मावशीने कपबशी त्यांच्या हातात दिली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुमी लई देखने हाव."

काकांनी मागे पाहिलं. मागे भिंत होती. चहा बशीत सांडला. शर्ट जुना असल्याचं ते पुटपुटले, मग ऊन लागून चेहरा काळवंडल्याचं. तरी मावशी बघतच होती, तेव्हा घाईघाईने म्हणाले, तुमची साडीबी चांगली हाय. ती साडी फाटकी होती, धुणं धुताना नेसायची. शेवटी त्यांनी आपलं नेहमीचं हत्यार काढलं.

"गाव कोनतं तुमचं? टँकर परवा लावतो."

मावशीने त्यांच्या हातातली सांडलेली बशी काढून घेतली. मग म्हणाली, "आमच्या विहिरीला पानी हाय. सहस्रकुंडाच्या धबधब्याशेजारचं गाव हाय ते. आन् तुमच्या जिल्ह्यातबी न्हाई, नांदेडात हाय." आणि आत निघून गेली.

मी हसले. मावशी मात्र हसली नव्हती. रात्री भाकऱ्या थापताना ती आईला म्हणाली, की आपण एक खरं वाक्य बोललो आणि त्या माणसाने आपल्याला लबाड ठरवलं. परवा सकाळच्या गाडीने जाते.

दुसऱ्या दिवशी कचेरीला निघण्याआधी काकांनी मला हाक मारली. टँकर चुकीच्या जिल्ह्यात लावल्याची चौकशी बसावी, असा चेहरा होता. मावशी रागावली का, असं त्यांनी विचारलं. हो म्हटल्यावर त्यांनी मला चाकूरजवळच्या त्यांच्या गावची गोष्ट सांगितली. ते शाळेत असताना आईने मजुरीतून पांढरा सदरा शिवला होता. तो घालून निघाले, तर चावडीसमोर बसलेल्यांपैकी एकजण गोड आवाजात म्हणाला, "लई शोभतोय की रे." पोरगं खुश होऊन हसलं. मग तिथल्यांनी तो सदरा अंगावरूनच फाडला. पुन्हा इतका पांढरा घालू नको, म्हणाले.

"तवापासून कुनी चांगलं बोललं, की म्या पुढचा हात बघतो," काका म्हणाले.

माझं रक्त उसळलं. त्या चावडीवर एक पत्रक लिहायला मी तिथेच तयार होते. पण काकांना पत्रक नको होतं. त्यांना उद्या सकाळच्या आत तारीफ घ्यायला शिकायचं होतं.

मी आईला विचारलं. आई जे बोलली ते फार साधं होतं. समोरच्याने काय पाहिलं ते तो सांगतो. ते आपल्याला पटलंच पाहिजे असं नाही, पण खोडून काढलं तर त्याचे डोळे खोटे ठरतात. लगेच उलटी तारीफ करू नये, ती वाण परत केल्यासारखी दिसते. त्याच्याकडे बघावं, "बरं वाटलं" म्हणावं आणि गप्प बसावं. गप्प बसणं सगळ्यांत अवघड. आणि कुणी कामासाठीच बोलला, तर ते काम मागून येईलच. तेव्हा त्याला वेगळं उत्तर द्यावं. तारीफ घेतली म्हणून टँकर द्यावा लागत नाही.

हे सगळं मी काकांना जाऊन सांगितलं, तेव्हा शेवटचं वाक्य त्यांना फार पटलं. त्याच दिवशी कचेरीत एका सरपंचाने त्यांचा चेहरा तेजस्वी असल्याचं सांगितलं. काका म्हणाले, "बरं वाटलं." सरपंच गोंधळला; पुढचं वाक्य त्याने तयार केलंच नव्हतं. मग काका म्हणाले, "टँकर मात्र नंबरानंच यील." ही हकीगत त्यांनी मला घरी येऊन दोनदा सांगितली.

पण मावशी पुन्हा कशाला तारीफ करेल? ती काकांशी बोलतही नव्हती.

सकाळी मी तिला बसस्टँडवर पोचवायला गेले. नांदेडची गाडी लागलेली होती. मावशी खिडकीशी बसली, तेवढ्यात काका धावत आले. धुळीने भरलेले, हजामत अर्धवट झालेली, एका गालावर साबण सुकलेला. खिडकीखाली उभे राहिले. मागे वळून पाहिलं नाही.

"परवा तुमी एक बोलला व्हता," ते म्हणाले. "म्या घेतलं न्हाई. आता घेतलं तर चालंल का?"

मावशीच्या शेजारची बाई गुंडाळलेली पोळी खायची थांबली.

"चालंल," मावशी म्हणाली.

"बरं वाटलं," काका म्हणाले. आणि गप्प बसले. त्यांचे हात खिशात जायला बघत होते, भांगाकडे जायला बघत होते. त्यांनी ते मुठी वळून खाली धरून ठेवले. कान तांबडे झाले. पण नजर खाली गेली नाही.

मला वाटलं, झालं. मी निघण्यासाठी वळले. काका मात्र तिथेच होते. आवाज एवढा लहान झाला होता, की इंजिनात बुडून जाईल.

"आई गेल्यापासून मला कुनी कायबी न मागता बघितलं न्हाई," ते म्हणाले. "कसा दिसतो म्या? जरा सांगता का?"

कंडक्टरने दार लावलं. मावशी खिडकीच्या गजांना धरून थोडी पुढे झाली आणि सांगू लागली. मला इंजिनामुळे ऐकू आलं नाही. काकांना आलं असावं. गाडी हलली, तसे ते खिडकीबरोबर चालू लागले. आधी हळू आणि मग भरभर.