शेवटच्या डब्याचा लाल ठिपका

भाजे गावातल्या एका लग्नात आमच्या आबांनी सबंध पंगत पाऊण तास अडवून धरली होती. कारण एवढंच की वऱ्हाडाच्या शेवटच्या बैलगाडीला लाल फडकं दिसलं नव्हतं. ते फडकं निघताना त्यांनी स्वतः बांधलं होतं आणि ते वाटेत कुठंतरी पडलं होतं. पानं वाढलेली, भात निवतोय, नवरदेवाचा मामा हात जोडतोय, आणि आबा मांडवाच्या तोंडाशी आडवे उभे. "श्येपूट बघितलं का? श्येपूट बघितल्याबिगर गाडी आली म्हनू न्हाई." शेवटी गाड्या मोजल्या, माणसं मोजली, तेव्हा कुठं पंगत बसली.

आबा म्हणजे माझे आजोबा, वडिलांचे वडील. मूळचे औंढ्याचे, पण उभा जन्म लोणावळ्याच्या यार्डात शंटिंग जमादार म्हणून गेला. मालगाडी आली की तिचे डबे तोडायचे, कुठला डबा कुठं जाणार ते बघून वेगवेगळ्या लाइनींवर ढकलायचे आणि पुन्हा नीट क्रमाने जोडायचे, हे त्यांचं काम. गाडीच्या शेवटच्या डब्याला लाल दिवा असतो. तो दिसला तरच गाडी सबंध आली असं धरायचं, नाहीतर मधेच कुठं तुटून राहिली. हा कायदा त्यांनी पेन्शनीत निघाल्यावर घराला लावला. मी शाळेतून आलो तरी ते आधी माझ्या पाठीमागे बघत.

त्यांना अक्षर येत नव्हतं. डब्यावरच्या चिठ्ठ्या ते आकारावरून ओळखत आणि त्यात चुकल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. घरात आम्ही दोघंच. मी वर्षाचा असताना तापाची साथ आली, तीत आई-वडील आठवड्याच्या आत गेले. आबांनी मला वाढवलं. ते बसून वाढवलं असं मात्र म्हणता येणार नाही, कारण आबा बसतच नसत. चहासुद्धा येरझारा घालत पीत, आणि त्यांच्याबरोबर राहून मलाही एका जागी चैन पडेनासं झालं होतं.

माझी मराठी सातवीची परीक्षा, जिला तेव्हा फायनल म्हणत, आठ दिवसांवर आली होती. पास झालो तर मास्तरकी मिळण्याची आशा, नापास झालो तर यार्डात इंजिनं पुसायची, असा सरळ हिशेब होता. अभ्यास मी वर्षभर केला होता, खोटं कशाला बोलू? पण वहीला कागद पुरत नसे, म्हणून टिपणं सापडेल त्यावर केली होती. चहाच्या पुड्याचे कागद, कॅलेंडरची पानं, साखरेच्या पुड्या, जुन्या ट्रंकेतले पाठकोरे कागद. दोन नियम तर भिंतीवर होते. आता उजळणीला बसलो तर हाताला काहीच लागेना. लसावि शोधायला जावं तर पानिपत हाती यावं. त्यात घाट चढून आलेली गाडी खोलीशेजारून गेली की खोली हादरे आणि सगळं टिपण जमिनीवर पसरे. त्या दिवशी तसंच झालं आणि मी मटकन खाली बसून रडायला लागलो. चौदा वर्षांचा घोडा मी, पण रडलो.

आबांनी पसाऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. बऱ्याच वर्षांनी त्यांना यार्ड दिसलं असावं.

"ऊठ," ते म्हणाले. "लेबल न्हाई तो डबा हलत न्हाई. एकेक उचल, वाच आन् कोपऱ्यात लिव्ह, कुटं जायाचाय ते."

मी म्हटलं, "आबा, एवढे कागद वाचत बसलो तर अभ्यास कधी करू?"

"ह्योच अभ्यास. वाच."

त्यांनी सारवलेल्या जमिनीवर खडूने पाच रेघा ओढल्या. गणित, भूगोल, इतिहास, भाषा, मोडी. मी कागद मोठ्याने वाचायचा, लाइनीचं नाव सांगायचं, कोपऱ्यात लिहायचं, आणि आबांनी तो नेऊन ठेवून वर धोंडा ठेवायचा. धोंडा म्हणजे ब्रेक. दुसरी गाडी गेली, तेव्हा एकही कागद हलला नाही. मला त्या धोंड्यांनी जेवढा धीर दिला तेवढा आमच्या मास्तरांनी वर्षात दिला नसेल.

दुसऱ्या दिवशी एकेका लाइनीतली छाटणी. एकच गोष्ट तीनदा लिहिलेली असेल तर ते तीन कागद शेजारी मांडायचे, नीटसा निवडायचा, दुसऱ्यात एखादी जास्तीची ओळ असेल ती त्यावर चढवायची आणि बाकीचे चुलीत. दोन कागद एकमेकांशी भांडत असतील तर दोन्ही बाजूला. आबा त्यांना 'सिक' म्हणत. मोडका डबा यार्डात सिक होतो, तो दुरुस्त झाल्याशिवाय गाडीला लागत नाही.

असे सिक कागद बरेच निघाले. एकावर लिहिलं होतं, इंद्रायणी भीमेला मिळते. दुसऱ्यावर, इंद्रायणी पवनेला मिळते. मी म्हटलं, "आबा, तुम्हीच सांगा, नदी निघते आपल्या जवळच्या कुरवंड्यातनं."

"मला ठावं हाय. पन माझं तोंड परीक्षेला येनार न्हाई. पुस्तक काढ."

पुस्तकात तुळापूरचा संगम निघाला, म्हणजे भीमा बरोबर. पवना दापोडीला मुळेला मिळते, ते मी भलतीकडे जोडलं होतं. चुकीचा कागद मी चुलीकडे भिरकावणार तोच आबांनी माझं मनगट धरलं. कागद घेऊन उलटा केला. मागे कसलीशी जुनी मोडी होती आणि कोपऱ्यात वंगणाने माखलेल्या अंगठ्याचा ठसा. आबा उभे राहिले. म्हणजे खरोखरच एका जागी उभे राहिले, आणि तेच मला विचित्र वाटलं.

"ह्यो कुटनं काढला?"

"ट्रंकेतनं. पाठकोरा होता. काही कामाचा होता का?"

"सिक डबा जाळत न्हाईत," एवढंच बोलून त्यांनी तो घडी करून कोटाच्या आतल्या खिशात घातला आणि पुन्हा येरझारा सुरू केल्या. मला परीक्षेची धास्ती, मी विसरून गेलो.

तिसऱ्या दिवशी वही शिवली. डबे कुठल्या क्रमाने लावायचे? पुस्तकाच्या अनुक्रमणिकेच्या. पहिली दोन पानं कोरी ठेवली, अनुक्रमणिका शेवटी तिथं भरायची. पानांना आधीच आकडे घातले. एका पानावर एकच विषय, समोरचं पान मोकळं, पुढे काही आठवलं तर ते कुठं बसवणार? डावीकडे चार बोटं समास सोडून त्यात प्रश्न आणि उजवीकडे उत्तर. पुस्तकातली लांबलचक वाक्यं मी उतरवू लागलो की आबा म्हणत, "तुज्या तोंडानं सांग बरं," आणि मी सांगितलं की, "मंग त्येच लिव्ह." असं करता करता पानिपतची चार पानं एका पानात आली. विषय पुरा झाला की तळाशी लाल पेन्सिलीचा ठिपका. तो शेपटाचा दिवा. ठिपका नाही ते पान अपुरं.

मग तपासणी. पत्र्याच्या डब्याच्या झाकणाने उत्तर झाकायचं, समासातला प्रश्न वाचायचा आणि बोलायचं. आबांना अक्षर कळत नव्हतं, पण चाकावर हातोडी मारून चीर ओळखणारा माणूस तो. मी जरा अडखळलो की म्हणत, "हितं वाजलं बोदं. फुली मार." दुसऱ्या दिवशी फक्त फुल्यांची उजळणी. फुल्या रोज कमी होत गेल्या. मला रात्री झोप लागायला लागली, कुरतडलेली नखं वाढायला लागली.

पण पाचवी लाइन मोकळीच होती. मोडीवर माझा एकही कागद नव्हता. त्या लिपीचा मला इतका धसका, की मी तिच्या वाटेलाच गेलो नव्हतो. आणि परीक्षेत साहेबासमोर मोडीचा कागद मोठ्याने वाचायचा असे. त्यात गेलं की सगळंच गेलं.

"रिकाम्या लायनीवर रोज धा येळा बघून तू म्होरं जातोस," आबा म्हणाले. "मला काय दिसत न्हाई व्हय?"

पुस्तकातून मोडीची अक्षरं पानावर उतरवून घेतली. घोटाळ्याच्या जोड्या शेजारी शेजारी, कारण मी तिथंच फसायचो. दोन दिवस ती गिरवली. मग सकाळी आबांनी खिशातून तो घडी केलेला कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. स्वतः खिडकीशी जाऊन रुळांकडे तोंड करून उभे राहिले.

"वाच."

मी बोट ठेवून सुरुवात केली. "तीर्थरूप आबा यांचे सेवेसी... बालके... गं... गणपतचा शिरसाष्टांग नमस्कार." गणपत हे माझ्या वडिलांचं नाव. माझं बोट तिथंच थांबलं.

"थांबू नगंस. म्होरं."

"कल्याणच्या मालधक्क्यावर काम... बरे चालले आहे. बाळ आता... बसतो का?"

"बसतो न्हाई. धरून हुबा ऱ्हातो का," आबा खिडकीतूनच म्हणाले.

मी पुन्हा पाहिलं. खरंच, 'धरून उभा राहतो का' असंच होतं. पुढे दोनदा चुकलो, दोन्ही वेळा त्यांनी मागे न बघता दुरुस्त केलं. "त्यास शाळेत घालावे. आपण यार्डात उन्हातान्हाचे उभे राहता, त्यास तसे लागू नये. दिवाळीस येतो." खाली सही होती. दिवाळीच्या आधीच तापाची साथ आली होती, हे मला ठाऊक होतं.

मी कागद उलटला. त्याच कागदाच्या पाठीवर माझ्या गलथान अक्षरात इंद्रायणी पवनेला मिळवलेली होती, आणि मी तो चुलीत टाकणार होतो. मी म्हटलं, "आबा, मला माहीत नव्हतं. पण तुम्हाला वाचता येत नाही, मग हे सगळं..."

"पोस्टातल्या बाबूनं वाचून दावलं तवा. तीन डाव. चवथ्या डावाला जायाची लाज वाटली. परक्या मानसाला किती तरास द्यावा?" ते रुळांकडेच बघत होते. "म्हटलं पोरगं शिकंल. वाचंल."

बारा-तेरा वर्षं ते थांबले होते, आणि मी मोडी नको म्हणून पळत होतो. माझे डोळे भरून आले. काहीतरी करायचं म्हणून मी वहीचं मोडीचं पान उघडलं आणि तळाशी ठिपका द्यायला लाल पेन्सिल उचलली.

आबा वळले, येऊन माझ्याजवळ जमिनीवर मांडी घालून बसले. ते बसलेले मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले. त्यांनी पेन्सिल माझ्या हातातून काढून घेतली.

"एवढ्यात न्हाई," ते म्हणाले. "परत वाच. उजळनी नगं व्हय?"