सिंधूताईंचं झाकण

घोटीहून नाशिकरोडला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत कोणी बाई चढली की सिंधूताई विचारायच्या, "बोल, तुझं आज काय चोरू?"

त्या एका सरकारी कचेरीत फायली शिवायच्या. गाडीत मात्र गोष्ट जोडायच्या. बायकांच्या डब्यात पाय ठेवायला जागा नसायची, पण त्यांच्याभोवती आणखी चार जणी मावायच्या.

गोष्ट होती एका स्टीलच्या झाकणाची. त्याच्यावरचं नाव झिजून नुसतं 'सौ.' उरलेलं. ज्याच्यावर ते बसेल तो डबा सापडला की गोष्ट संपणार.

पाडळीच्या वत्सलानं सांगितलं, "सासू साखरेच्या डब्याला कुलूप लावते, किल्ली अंबाड्यात खोचते." सिंधूताईंनी सासूची जाऊ केली, साखरेचं मीठ केलं, घर मालेगावला नेलं. किल्ली तेवढी अंबाड्यातच ठेवली. "एक गोष्ट खरी ठेवायची," त्या म्हणायच्या. त्या मिठाच्या डब्यावर झाकण काही बसलं नाही, मग कोणाच्या तरी दह्यावर चांदवडला गेलं. सगळ्यांत जास्त वत्सलाच हसली. "असल्या बायका असतात हो," म्हणाली.

पुढच्या स्टेशनावर चढणारी आधी विचारायची, "झाकण कुठवर आलं?" तिला एका वाक्यात मागचं सांगून त्या तिचाच धागा पुढे ओढायच्या. देवळालीला सिग्नलसाठी गाडी अडली की गोष्टीत वरात निघायची. सिग्नल मिळाला की वरात पटकन संपायची.

मी लहवितला चढायचे. दवाखान्यातल्या फाटक्या चादरी शिवायचे. दोन वर्षांत माझ्याकडून त्यांना एक शब्द मिळाला नव्हता.

सिंधूताई निवृत्त झाल्या त्या दिवशी गोष्ट संपवणार होत्या. झाकण शेवटच्या डब्याजवळ पोचलं आणि नाशिकरोड आलं. सोमवारी त्या पुन्हा गाडीत. "कचेरीत थोडं काम राहिलंय," म्हणाल्या.

त्याच आठवड्यात माझं शिलाईचं मशीन बिघडलं म्हणून मी दुपारीच स्टेशनवर आले. सिंधूताई बाकावर एकट्या जेवत होत्या.

"कचेरी?" मी विचारलं.

"कसली कचेरी. सकाळी तुमच्याबरोबर यायचं, संध्याकाळच्या गाडीची वाट बघायची. घरी कोणाला सांगू गोष्ट? भिंतीला?" घास मोडत म्हणाल्या, "पण आता डबा सापडायला हवा गं. बायका किती दिवस थांबतील?"

मी त्यांच्याशेजारी बसले. मग बोलले, "मी रोज दोन पोळ्या जास्त आणते. कोणालातरी देईन म्हणून. द्यायला धीर होत नाही. तशाच परत नेते."

त्यांनी घास खाली ठेवला. "हे चोरू?"

मी मानेनंच हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गोष्टीत घोटीच्या बाजारात एक मुकी बाई आली. तिच्या डब्यात रोज दोन भाकऱ्या उरायच्या. सगळ्या जणी पुढे सरकल्या. देवळाली गेलं, गाडी सिग्नलला कुठे अडली नाही. वत्सला म्हणाली, "अहो ताई, बसलं का झाकण?"

सिंधूताईंनी खिडकीबाहेर पाहिलं. "लावून बघितलं. बोटभर लहान पडलं."

"हात्तिच्या," वत्सला म्हणाली.

मी डबा उघडून वरच्या दोन पोळ्या सिंधूताईंच्या हातावर ठेवल्या. त्यांनी मोडून सगळ्यांना वाटल्या. "मग ते झाकण," त्या म्हणाल्या, "तिथून निघालं."