पाठपूजेच्या शुभेच्छा

मुख्याध्यापकांना थोडक्यात लिहिण्याचा भारी सोस होता. वसंत पंचमीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी खुर्चीत ऐसपैस बसून पालकांच्या ग्रुपवर शुभेच्छांची चिठ्ठी सोडली:

"विद्येच्या उत्सवाच्या शुभेच्छा. उद्या सकाळी शाळेत विद्यार्थ्यांची पाठपूजा होईल. पूजेत ठेवलेले पुस्तक दुसऱ्या दिवसापर्यंत कोणीही उघडू नये. परवा उत्तरपूजेनंतर सर्वात वरच्या ग्रंथातील चार शब्द सर्वात लहान विद्यार्थ्याने वाचावेत, मग इतरांनी. पालकांनी अवश्य यावे."

"बघ, एकही शब्द फालतू नाही," असं म्हणत त्यांनी फोन बायकोपुढे धरला.

बायकोने वाचलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, पाठपूजा म्हणजे मार! पाठीत धपाटे!"

"पाठांची पूजा ती पाठपूजा. षष्ठी तत्पुरुष समास आहे तो."

"समास राहू दे. आधी फोन बघा."

फोन वाजत होता. एका आईने विचारलं होतं की आमच्या लेकीने असं केलंय तरी काय. एका वडिलांनी मात्र दोन्ही हात जोडलेले चित्र पाठवून लिहिलं होतं, "सर, आमच्याला जरा जास्त करा, घरी ऐकत नाही." पाठोपाठ संस्थेच्या अध्यक्षांचा फोन आला. परवाच्या बैठकीत सरांना आणखी एक वर्ष मुदतवाढ द्यायची की नाही हे ठरायचं होतं, आणि ते ठरवणार होते अध्यक्ष. निवृत्तीनंतर दिवसभर घरात बसून बायकोचं ऐकावं लागेल, या विचारानेच सरांची झोप उडालेली होती.

"सर, मारायचं ते मारा, पण आधी जाहिरात कशाला?" अध्यक्षांनी विचारलं.

"छे छे! शब्द अगदी शुद्ध आहे. शाळेतल्या थोरल्या शब्दकोशात बघा."

"बघतो की! उद्या पूजेला येतो, तेव्हा दाखवा."

खरं तर इथे "चुकलो" म्हणून मोकळं होता आलं असतं. पण तो शब्द सरांच्या शब्दसंपत्तीत नव्हता.

सकाळी सर सगळ्यांच्या आधी शाळेत पोहोचले. ग्रंथालयात कोश काढला, हातातलं पेन एकेका ओळीवरून फिरवत त्या शब्दापर्यंत आले. पाठपूजा: चोप, मार, बदडणे. दुसरा अर्थ? नव्हता. तेवढ्यात दारात पावलं वाजली. सरांनी फटकन कोश मिटला आणि सभागृहाकडे धाव घेतली.

तिथे पिवळ्या कापडाने झाकलेल्या टेबलावर वीणाधारिणीची मूर्ती होती. समोर मुलांच्या पुस्तकांची चळत, पाट्या, दौत आणि टाक. गणिताची पुस्तकं सगळ्यांनी न चुकता आणली होती, कारण पूजेत गेलेल्या पुस्तकाचा अभ्यास त्या दिवशी करायचा नसतो. सरांनी तो जाडजूड कोश चळतीच्या अगदी वर ठेवला, घाईघाईने हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, पिवळं फूल वाहिलं. अध्यक्ष आत आले तेव्हा सरांचे डोळे मिटलेले होते.

"सर, तो कोश?"

"अरेरे," सर हळहळले. "पूजेत गेला! आता उद्यापर्यंत उघडता येणार नाही. विद्येचा अपमान होतो."

अध्यक्षांनी मूर्तीकडे पाहिलं, कोशाकडे पाहिलं, आणि ते पहिल्या रांगेत जाऊन बसले. मुलांनी हात जोडले, बालवर्गातल्यांनी पाटीवर पहिलं अक्षर गिरवलं. सभागृह पालकांनी इतकं भरलं होतं की पोरांना पाय ठेवायला जागा नव्हती. एवढी गर्दी स्नेहसंमेलनालाही होत नसे. कुणालाच मार पडला नाही म्हणून काहीजण हिरमुसून गेले. सर मात्र दिवसभर खुशीत होते. फक्त त्यांचं पेन कुठे सापडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली. सरांनी अक्षता वाहिल्या, मूर्ती जरा हलवली आणि कोश उचलून काखोटीला मारला.

"सर, चिठ्ठीत तुम्हीच लिहिलंय," अध्यक्ष प्रेमाने म्हणाले. "सर्वात वरचा ग्रंथ, सर्वात लहान विद्यार्थी."

वाचता येणाऱ्यांत सर्वात लहान, नुकतीच वाचायला शिकलेली एक चिमुरडी पुढे आली. "कुठलं पान वाचू?"

"उघडेल ते," अध्यक्ष म्हणाले.

कोश आपसूक उघडला. आत सरांचं पेन होतं, बरोबर त्या ओळीवर.

"पाठ-पू-जा," चिमुरडीने मोठ्याने, बोट ठेवून वाचलं. "चोप. मार. ब-द-ड-णे." मग तिने मान वर करून विचारलं, "सर, हे तुमचं पेन आहे ना?"

सभागृह हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. सरांना वाटलं, या क्षणी धरणीने पोटात घेतलं तर बरं. पण ती काही सरांच्या सोयीने दुभंगणार नव्हती.

संध्याकाळी बैठक आटोपली. निकाल पालकांच्या ग्रुपवरच आला; सरांचा फोन बायकोच्या हातात होता. तिने तो मोठ्याने वाचून दाखवला. अध्यक्षांनीही थोडक्यातच लिहिलं होतं:

"महिनाअखेरीस निवृत्त होणाऱ्या सरांची दीर्घ सेवेबद्दल पाठपूजा करण्यात येईल. सर्वांनी अवश्य यावे."

खाली बघता बघता सगळ्या पालकांचे "नक्की येतो" जमा झाले. सर्वात आधी त्या चिमुरडीच्या आईचा होता.